दहावीनंतर सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? घरात एकमत होत नसेल तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीतून अकरावीत जाणाऱ्या मुलांच्या घरांसाठी आहेत. सीबीएसई-आयसीएसईच्या मुलांना गुणांचे तपशील वेगळे लागतील, बाकी वाद तोच असतो.

घरात रोज खटके उडतायत. बोलायला सुरुवात कुठून करायची?

'सायन्स', 'कॉमर्स', 'आर्ट्स' हे तीन शब्द चार दिवस घरात उच्चारायचे नाहीत, इथून. थट्टा नाही. वडील 'सायन्स' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर नोकरीची खात्री असते, आई 'सायन्स' म्हणते तेव्हा नणंदेचा मुलगा असतो, आणि मुलगी ऐकते ते फिजिक्स. तिघं एकाच शब्दावर भांडतात, पण तिघांचं भांडण वेगवेगळं असतं.

त्यापेक्षा प्रत्येकाने वेगळ्या कागदावर दोन गोष्टी लिहाव्यात. आई-वडिलांनी लिहायचं, 'ही शाखा घेतली तर नेमकं काय बिघडेल अशी भीती वाटते?' मुलाने लिहायचं, 'अकरावीत कोणते विषय रोज वाचायला चालतील आणि कोणते अजिबात नकोत?' मग कागदांची अदलाबदल करायची. बहुतेक घरांत इथेच कळतं की वडिलांना आर्ट्सचं वावडं नाही, त्यांना 'बी.ए. झाल्यावर घरी बसेल' याची धास्ती आहे. आणि मुलाला सायन्सचा तिटकारा नाही, त्याला गणित नको आहे. धास्तीवर आणि विषयावर उत्तर शोधता येतं, शाखेच्या नावावर नुसता हट्ट करता येतो.

हे निकालाच्या आधी करा. मार्चमध्ये परीक्षा संपते आणि निकाल लागेपर्यंत हाताशी बरेच आठवडे असतात. निकालाच्या दिवशी फोनवर फोन येत असताना कोणी नीट विचार करत नाही.

'सायन्स घेतलं की सगळे मार्ग खुले राहतात, नंतर काहीही करता येतं.' हे तर खरं ना?

कागदावर खरं आहे, आणि म्हणूनच हा मुद्दा नीट सोडवून बघायला हवा. बारावीला सायन्स नसेल तर इंजिनिअरिंग, मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, फार्मसी, बी.एस्सी. नर्सिंग, कृषी पदवी, आर्किटेक्चर, वैमानिक प्रशिक्षण हे रस्ते बारावीनंतर सरळ मिळत नाहीत. एनडीएमध्ये लष्कराला कोणतीही शाखा चालते, पण नौदल आणि हवाई दलाला बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतं. यादी मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

आता दुसरी बाजू. सी.ए., पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, एनआयडी किंवा निफ्टसारख्या संस्थांतलं डिझाइन, हॉटेल मॅनेजमेंट, पत्रकारिता, आणि पदवीनंतरच्या यूपीएससी-एमपीएससी या परीक्षा, यांना कोणतीही शाखा चालते. म्हणजे मुलाच्या मनात या दुसऱ्या गटातलं काही असेल, तर सायन्सने उघडे ठेवलेले दरवाजे असे आहेत की ज्यांतून त्याला जायचंच नाही.

शिवाय दरवाजा उघडा असणं आणि त्यातून आत जाता येणं यात फरक आहे. इंजिनिअरिंगला खुल्या प्रवर्गातून प्रवेशासाठी बारावीच्या संबंधित विषयांत किमान ४५ टक्के लागतात, मेडिकलसाठी फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीत ५० टक्के, आणि वर सीईटी किंवा नीटचा स्कोअर. मन नसताना सायन्स घेतलेलं मूल बारावीला पंचावन्नच्या आसपास थांबलं, तर चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा दरवाजा तर बंद होतोच, पण जिथे बारावीच्या गुणांवर प्रवेश होतात तिथल्या नामांकित बी.ए. आणि बी.कॉम.चाही होतो. तेच मूल आर्ट्सला पंच्याऐंशीपर्यंत गेलं असतं. 'नंतर बदलता येईल' म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ही घट कधीच धरलेली नसते.

आणि एक, सायन्समध्येही 'सगळे' मार्ग आपोआप खुले राहत नाहीत. बायोलॉजी सोडली की नीटचा रस्ता अडतो, मॅथ्स सोडलं की इंजिनिअरिंगचा. दोन्ही ठेवले तर अभ्यास वाढतो. मूल ठाम सांगत असेल तर एक सोडा. दोन्ही ठेवायचे असतील तर ते दहावीचं गणित ज्याला सहज जमलं त्यानेच.

दहावीला जवळजवळ ९० टक्के आहेत. एवढे गुण मिळवून आर्ट्सला कशाला?

कारण ते ९० टक्के कशात आहेत हे कोणी बघितलेलं नसतं. एका घरातलं उदाहरण घेऊ. तपशील बदलले आहेत, पण नमुना नेहमीचा आहे. वडील नाशिकला एका कंपनीत सुपरवायझर, मुलीला मानसशास्त्र शिकायचंय, वडिलांना सायन्स हवंय. गुणपत्रिका अशी : सामाजिक शास्त्रे ९५, संस्कृत ९२, इंग्रजी ९१, मराठी ८८, विज्ञान ८२, गणित ६८.

मंडळ टक्केवारी काढताना सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरतं. ९५, ९२, ९१, ८८ आणि ८२ मिळून ४४८, म्हणजे ८९.६० टक्के. गणित या आकड्यात आलंच नाही. सहाही विषय धरले तर ५१६, म्हणजे ८६. वडील नातेवाइकांना जो आकडा सांगत होते, त्यात गणिताचा एक गुणसुद्धा नव्हता, आणि त्या आकड्यावर ते मुलीला मॅथ्स घ्यायला सांगत होते.

आता आणखी आत शिरू. गणिताच्या १०० पैकी २० गुण अंतर्गत असतात आणि ते बहुतेक शाळांत सढळ हाताने मिळतात. उरलेले ८० म्हणजे बीजगणित ४० आणि भूमिती ४०. विज्ञानाचंही तसंच, २० प्रात्यक्षिकाचे, आणि ४०-४० चे दोन पेपर. भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, भिंगे, रासायनिक अभिक्रिया, धातुविज्ञान. भाग २ मध्ये आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, प्राण्यांचं वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र, सामाजिक आरोग्य. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर ही फोड दिसत नाही, पण पूर्वपरीक्षेचे तपासलेले पेपर घरी असतात. या मुलीचे काढून पाहिले : बीजगणित २७, भूमिती २१, विज्ञान भाग १ मध्ये २६, भाग २ मध्ये ३५. अकरावीचं फिजिक्स आणि मॅथ्स उभं राहतं ते नेमक्या पहिल्या तीन आकड्यांवर. 'विज्ञानात ८२' हे गुण तिने प्रामुख्याने वाचून, लक्षात ठेवून आणि नीट लिहून मिळवले होते. ती ताकदच आहे, फक्त फिजिक्सची नाही.

हे चार आकडे वडिलांसमोर ठेवल्यावर ते बराच वेळ पेपर उलटत बसले आणि मग म्हणाले, "मग बायोलॉजी तरी?" प्रश्न रास्त होता. पण बायोलॉजी एकटी मिळत नाही. तिच्याबरोबर फिजिक्स आणि केमिस्ट्री येतात, आणि नीटच्या ७२० गुणांतले ३६० याच दोन विषयांचे असतात.

तुमच्या घरी आकडे उलटेही निघू शकतात. भूमितीत ३८ आणि भाग १ मध्ये ३७ असलेलं मूल 'मला सायन्स झेपणार नाही' म्हणत असेल, तर झेपण्याचा प्रश्न निकालात निघाला. मग खरं कारण काय, ते शांतपणे विचारा.

मुलगी म्हणते सायकॉलॉजी. तिला त्यातलं काय माहीत आहे?

बऱ्याचदा फारसं नाही, आणि हे मुलांनाही सांगायला हवं. आई-वडिलांनी आकडे बघायचे, तसा मुलांनीही आपला गृहपाठ करायचा. 'मला लोकांशी बोलायला आवडतं' एवढ्यावर मानसशास्त्र निवडता येत नाही. त्यात संख्याशास्त्र असतं, प्रयोग आणि चाचण्या असतात, इंग्रजी वाचन भरपूर असतं.

वाट किती लांब आहे हेही लिहून काढावं. बारावी, मग बी.ए., मग एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेलं पुढचं प्रशिक्षण आणि तिची नोंदणी. म्हणजे कमाई सुरू व्हायला इंजिनिअरपेक्षा जास्त वर्षं लागणार. वरच्या नाशिकच्या मुलीने हे सगळं स्वतः शोधून दोन पानांवर लिहिलं आणि खाली स्वतःहून एक ओळ टाकली : एम.ए.ला जमलं नाही तर बी.ए.नंतर तीन वर्षांचं एलएल.बी. किंवा बी.एड. वडिलांची धास्ती 'घरी बसेल' ही होती आणि त्या ओळीने तिलाच उत्तर दिलं. शेवटी ठरलं ते आर्ट्स, त्यात मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र दोन्ही घ्यायचे आणि इंग्रजी माध्यम ठेवायचं. मॅथ्सचा आग्रह वडिलांनी सोडला.

ज्यांचं गणित बरं आहे त्यांनी मात्र तो विषय आर्ट्सला किंवा कॉमर्सला घेता येतो हे विसरू नये. अर्थशास्त्रात पुढे जायचं असेल तर तो फार उपयोगी पडतो. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्ससारख्या ठिकाणी तर त्याच्याशिवाय चालत नाही.

कल चाचणी करून घेतली तर वाद मिटेल का?

मिटणार नाही, पण वादातली हवा कमी होईल. मात्र कोणती चाचणी हे बघा. एक प्रकार आवड मोजतो, 'यंत्र उघडून बघायला आवडेल की गोष्ट लिहायला?' असे प्रश्न विचारून. दुसरा प्रकार क्षमता मोजतो. त्यात संख्यांची, आकृत्यांची, भाषेची, तर्काची वेळ लावून सोडवायची कोडी असतात. मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची जी कलचाचणी घेतली, ती सुरुवातीला आवडीची होती. आवडीच्या चाचणीत मूल स्वतःबद्दल जे मानतं तेच परत छापून येतं, त्यामुळे वाद चालू असलेल्या घरात ती फारशी कामाची नाही. क्षमतेची चाचणी करा, प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडे करा, आणि अहवालावर समोरासमोर बोलणं होणार असेल तरच करा. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था हे काम पूर्वीपासून करतात. बोटाच्या ठशांवरून करिअर सांगणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, त्याला शास्त्रीय आधार नाही.

माझ्या मते फुकटात होणारी आणि जास्त बोलकी चाचणी वेगळीच आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर (ebalbharati.in) अकरावीची पुस्तकं मोफत मिळतात. सुट्टीत फिजिक्समधलं सदिश किंवा गतीचं एक प्रकरण, पुस्तपालनातलं जर्नल नोंदींचं एक आणि अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्राचं एक, अशी तीन प्रकरणं मुलाने क्लास न लावता वाचायची आणि मागचा स्वाध्याय सोडवायचा. उत्तरं किती बरोबर आली याला दुय्यम महत्त्व आहे. कुठलं पुस्तक तो न सांगता पुन्हा उघडतो ते बघा. मराठी माध्यमातल्या मुलांसाठी याचा आणखी एक उपयोग होतो. बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत सायन्स इंग्रजीतून शिकवतात, आणि अडचण विषयाची आहे की भाषेची, हे इथेच कळून येतं. भाषेची असेल तर दोन-तीन महिन्यांत ती बरीच कमी होते, तेवढ्यासाठी शाखा बदलू नये.

आमच्याकडे उलटं आहे. मुलालाच सायन्स हवंय, आम्हाला वाटतं झेपणार नाही.

हा वाद हल्ली बराच दिसतो. त्यामागे अनेकदा मित्र असतात, 'आमचा पूर्ण ग्रुप सायन्सला चाललाय'. वरची पेपरांची फोड इथेही करा. गणित आणि विज्ञान भाग १ दोन्ही कच्चे असतील तर एकदम 'नाही' म्हणू नका, आधी तीन प्रकरणांचा प्रयोग होऊ द्या.

त्याला यंत्रं, वायरिंग, गाड्या यांची खरी ओढ असेल तर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा समोर ठेवा. दहावीला ३५ टक्क्यांवर पात्रता असते आणि अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. पुढे गुण चांगले असतील तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मध्ये नीट-सीईटीचा घोर नाही, आणि हात चालवत शिकणाऱ्या मुलाला वर्कशॉप मानवतं. आपल्याकडे डिप्लोमाकडे जरा खालच्या नजरेनं बघतात, त्याला काही आधार नाही.

पैशाचं मात्र स्पष्ट बोला. लातूर, पुणे, संभाजीनगरला दोन वर्षं क्लास आणि हॉस्टेल म्हणजे खर्च लाखांत जातो. दोन्ही वर्षांची फी एकदम भरू नका, हप्ते मागा आणि फी परत मिळण्याच्या अटी लेखी घ्या. एकदा पूर्ण पैसे भरले की तिसऱ्या महिन्यात मूल रडत असलं तरी 'आता एवढे पैसे भरलेत' म्हणून त्याला तिथेच बसवलं जातं.

मग कॉमर्स हा मधला मार्ग नाही का?

तडजोड म्हणून कॉमर्स देऊ नका. वडिलांचं सायन्स आणि मुलीचं आर्ट्स यांची सरासरी कॉमर्स निघत नाही. पुस्तपालनात ताळेबंद जुळेपर्यंत चिकाटीने बसावं लागतं आणि ज्याला ते कंटाळवाणं वाटतं त्याला दोन वर्षं जड जातात. ज्याला मनापासून हवंय त्याच्यासाठी उत्तम शाखा आहे. फक्त एक निर्णय विचारपूर्वक घ्या : अनेक कॉलेजांत सेक्रेटरिअल प्रॅक्टिस की मॅथ्स असा पर्याय असतो आणि 'सोपं पडेल' म्हणून मुलं एस.पी. घेतात. पुढे फायनान्स, डेटा किंवा अर्थशास्त्राकडे जायचा विचार असेल तर मॅथ्स घ्या. सी.ए. फाउंडेशनलाही गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर आहेच.

मामा, काका, क्लासवाले सर, सगळे सल्ला देतात. काय करायचं?

ज्यांनी गेल्या तीन-चार वर्षांत ती शाखा स्वतः शिकली आहे, त्यांचंच ऐका. बारावी पास झालेली एक मुलगी आणि एक मुलगा गाठून त्यांच्याशी मुलाला एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. मामांना चहा द्या.

अकरावीचा ऑनलाइन फॉर्म कोणी भरायचा?

दोघांनी एकत्र बसून, स्वतःच्या हाताने. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं. म्हणजे पहिल्या ओळीत जे लिहाल ते पक्कं समजूनच लिहा. सायबर कॅफेत बसून मुलाला न सांगता वडिलांनी शाखा बदलल्याची, आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवून मुलाने बदलल्याची, अशी दोन्ही प्रकरणं घडतात. लॉगिन दोघांना माहीत असू द्या आणि अर्ज लॉक करण्याआधी छापील प्रत काढून दोघांनी सही करा. सहीला कायद्याने काही अर्थ नाही, पण पुढे 'तुम्हीच भरलंत' हे वाक्य घरात ऐकू येत नाही.

सगळं करूनही एकमत झालं नाही, तर कोणाचं ऐकायचं?

मुलाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. रोज सहा तास त्या वर्गात तोच बसणार आहे. पण तीन गोष्टी पूर्ण झालेल्या असाव्यात : पेपरांची फोड त्याने पाहिली आहे, निवडलेल्या शाखेचं एक प्रकरण तरी त्याने स्वतः सोडवलं आहे, आणि पुढची वाट व तिला पर्यायी वाट त्याने लिहून दिली आहे. यातलं काहीच करायची तयारी नसेल आणि फक्त 'मला तेच हवंय' असेल, तर आई-वडिलांनी थांबवणं योग्य. एक अपवाद : मुलाला जे व्हायचंय ते त्याने निवडलेल्या शाखेतून होतच नसेल, म्हणजे डॉक्टर व्हायचंय पण फिजिक्स नको, तर तिथे मुलाचं ऐकण्यापेक्षा त्याला पात्रतेचा नियम वाचायला द्या.

अकरावी सुरू झाली आणि चुकलं असं वाटलं तर?

पहिल्या घटक चाचणीत गुण घसरणं हे चुकल्याचं लक्षण नाही. सायन्सला जवळजवळ सगळ्यांचे घसरतात, कारण दहावीचं पाठांतर तिथे पुरत नाही. लक्ष ठेवायचं ते वेगळ्या गोष्टींवर. मूल चुकलेली गणितं पुन्हा सोडवतं का, की वही उघडतच नाही? शंका विचारायला कोणाकडे जातं का? कॉलेजला दांड्या सुरू झाल्या आहेत का? डोकं दुखणं, पोट दुखणं नेमकं प्रॅक्टिकलच्या दिवशी येतं का? गुण कमी पण वही भरलेली असेल तर दिवाळीपर्यंत थांबा. वही कोरी असेल तर थांबू नका.

शाखा बदलायची झाली तर जितक्या लवकर तितकं सोपं. प्रवेशाच्या फेऱ्या चालू असताना आणि जागा रिकाम्या असताना काम चटकन होतं. त्यानंतर ते कॉलेज आणि शिक्षण उपसंचालक कार्यालयाच्या परवानगीवर जातं. म्हणून कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात एकदा मुलाशी बसून मोकळेपणाने विचारा, आणि उत्तर 'नको' असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज घेऊन प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभे राहा.